मेसेजमध्ये इमोजी, सजावटीच्या खुणा टाकल्या तर स्क्रीनवरचा मजकूर बोलून दाखवणारा स्क्रीन रीडर वापरणाऱ्याला नेमकं काय ऐकू येतं?

प्रत्येक इमोजीचं ठरलेलं नाव. बेळगावातल्या एखाद्या मंडळाचा मेसेज घ्या:

🚩🚩🚩 आरती 🙏🙏 ⏰ ७ 📍 मारुती गल्ली

इमोजींची नावं इंग्रजीत वाचली जात असतील तर «ट्रायअँग्युलर फ्लॅग» तीनदा, मग आरती, दोनदा «फोल्डेड हँड्स», «अलार्म क्लॉक», सात, «राउंड पुशपिन»... काही रीडर सारख्या इमोजी मोजून एकदाच सांगतात, पण सगळे नाही. शिवाय सात सकाळचे की संध्याकाळचे, हे कळतच नाही. काही जण नावाभोवती सजावटीसाठी लावतात त्या ꧁ ꧂ खुणा जावानीज लिपीतल्या. कुठे त्यांचं लांबलचक नाव वाचलं जातं, कुठे नुसती शांतता.

त्यापेक्षा असं लिहा: «आरती आज संध्याकाळी ७ वाजता, मारुती गल्लीत. 🙏» इमोजी हवाच असेल तर एकच, तोही शेवटी, म्हणजे वेळ आणि जागा आधी कानावर पडते.