०.५ मोठं की ०.३५? नोटा, दोरे आणि मीटरची पट्टी

"पाचवीला दशांश अपूर्णांक चालू आहेत. रुपये-पैशांची गणितं पोरं पटापट सोडवतात, पण ०.५ आणि ०.३५ मध्ये मोठी संख्या कुठली म्हटलं की निम्मा वर्ग ०.३५ सांगतो. संख्यारेषेवर तर कुठेही टिंब देतात. कसं समजावू?"

मॅडम, आधी एक करा. उद्या फळ्यावर दोनच जोड्या द्या, ०.५ आणि ०.३५, नि दुसरी ०.४ आणि ०.७३. पहिली चुकून दुसरी बरोबर देणारं पोर टिंबाच्या पुढचे आकडे पूर्ण संख्येसारखे वाचतंय, पाचापेक्षा पस्तीस मोठे, चारापेक्षा त्र्याहत्तर मोठे, म्हणजे दुसरं उत्तर बरोबर आलं तेही चुकीच्या वाटेनंच. उलट पहिली बरोबर आणि दुसरी चूक असेल तर त्या पोराच्या डोक्यात "शतांश हे दशांशापेक्षा लहान, म्हणून शतांशवाली संख्या लहान" असं बसलेलं असतं. ही दोन वेगळी दुखणी आहेत आणि ३.४५ आणि ३.६२ अशा सारख्या लांबीच्या जोड्या कितीही दिल्या तरी दोन्हीपैकी एकही उघडं पडत नाही.

आता पैशांचं. पैशांची गणितं येतात म्हणून दशांश येतो असं धरू नका, कारण किमतीत टिंबाच्या पुढे कायम दोनच आकडे असतात, १२.५०, ७.२५ असे. पोरं ते एक संख्या म्हणून वाचतच नाहीत, टिंबाच्या अलीकडे रुपये, पलीकडे पैसे, अशा दोन वेगळ्या संख्या वाचतात. खरं-खोटं बघायचं तर ४.५ रुपये म्हणजे किती विचारा, "चार रुपये पाच पैसे" असं उत्तर हमखास येतं. त्यात या पोरांनी पैसे बघितलेलेच नाहीत, २५ पैसे आणि त्याखालची नाणी २०११ मध्येच चलनातून गेली, त्यामुळे दहा पैसे म्हणजे रुपयाचा दहावा भाग हे आपल्याला जसं हाताला माहीत होतं तसं त्यांना नाही.

म्हणून मी रुपयाला एकक धरतच नाही, शंभराच्या नोटेला धरते. फळ्यावर मोठ्ठं लिहायचं, "आज शंभराची नोट म्हणजे १". मग दहाची नोट किती? दहा नोटा मिळून एक होतो, म्हणजे ०.१. रुपयाचं नाणं? शंभर नाणी मिळून एक, म्हणजे ०.०१. खेळण्यातल्या नोटा चालतात, नाणी मात्र खरी घ्या. आता ०.४ आणि ०.३५ मांडायला सांगा. एका बाजूला दहाच्या चार नोटा, दुसऱ्या बाजूला तीन नोटा आणि पाच नाणी. दुसरीकडे तुकडे आठ आहेत नि पहिलीकडे चारच, तरी पैसे कुठे जास्त हे पाचवीच्या पोराला सांगावं लागत नाही. मग ०.०७ मांडायला लावा, नुसती सात नाणी, नोट एकही नाही, म्हणून दशांश स्थळी शून्य. आणि ०.४ आणि ०.४० विचारा, चार नोटांच्या बदल्यात चाळीस नाणी, रक्कम तीच. तास संपताना "शंभराची नोट म्हणजे १" ही ओळ आठवणीनं पुसा, नाहीतर कुणीतरी वहीत ०.३५ रुपये म्हणजे पस्तीस रुपये असं लिहून ठेवतं.

पण नोटांनी लहान-मोठं कळतं, जागा कळत नाही. संख्यारेषेसाठी लांबीच पाहिजे, आणि लांबीत सुद्धा एकक मीटरच घ्या, सेंटिमीटर नको, कारण कंपासपेटीतल्या पट्टीवर सेंटिमीटरचे दहाच भाग असतात, शतांश दिसत नाही. जुन्या कॅलेंडरच्या मागच्या बाजूची बरोबर एक मीटर लांब पट्टी करा. दर १० सेंटिमीटरला जाड रेघ, दर सेंटिमीटरला बारीक. डाव्या टोकाला ०, उजव्या टोकाला १, बाकी एकही आकडा लिहू नका. ही पट्टी पोरांच्या छातीएवढ्या उंचीवर भिंतीला आडवी लावायची.

गटांना दोरा द्या आणि ०.४ मीटर, ०.३५ मीटर, ०.३ मीटर, ०.०७ मीटर असे तुकडे कापायला सांगा. इथे आपण फक्त बघत राहायचं. कुणीतरी ०.४ म्हणून चार सेंटिमीटरचा चिमुकला तुकडा कापतंच. चूक म्हणून सांगू नका, त्यालाच विचारा, ०.१ चा दोरा केवढा, आणि तसे दहा एकापुढे एक ठेवले तर कुठवर जातात? तो सेंटिमीटर-सेंटिमीटर मोजत पहिल्या जाड रेघेशीच थांबतो, मीटर काही पुरा होत नाही, नि त्याचं त्यालाच समजतं. ०.०७ ला ७० सेंटिमीटर कापणारा गटही निघतो, त्यांना सात नाण्यांची आठवण द्या. सगळे दोरे एकाखाली एक, डावं टोक शून्याला लावून चिकटवले की दोऱ्याचं उजवं टोक जिथे येतं तिथे ती संख्या लिहायची. इथे ती पट्टीच संख्यारेषा झालेली असते, वेगळी "संख्यारेषा म्हणजे काय" समजवायची गरज पडत नाही.

मग आकडे भरून घ्या. ०.८, ०.९ आणि पुढे "०.१०" म्हणणारे असतात, पट्टीचं टोकच तिथे असल्यामुळे वाद लगेच मिटतो, आणि ०.१० चा दोरा कापायला लावला की तो पहिल्या जाड रेघेवर येतो. दुसरी नेहमीची गडबड म्हणजे रेघा मोजणं. शून्याची रेघ "एक" धरली की सगळं एक घर मागे सरकतं, तेव्हा बोट रेघेवर नाही तर दोन रेघांमधल्या जागेवरून फिरवत मोजायची सवय लावा.

वहीत काढताना ३ ते ४ ची रेषा घ्या. ३.४२ साठी आधी दहा भाग करून ३.४ आणि ३.५ शोधायचे, मग तेवढाच तुकडा खाली मोठा करून काढायचा, त्याचे दहा भाग, त्यातला दुसरा. एकाच रेषेवर शंभर भाग पाडायला लावलं की पोरं रेघा मारण्यातच दमतात. आणि ३.०५ मुद्दाम द्या, जो बरोबर मधोमध टिंब देतो त्याचं शून्य अजून कच्चं आहे.

वाचन पहिल्यापासून "शून्य पॉइंट तीन पाच" असंच ठेवा. "शून्य पॉइंट पस्तीस" आपणच म्हटलं की पस्तीस ही संख्या कानातून आत जाते, सेमीवाल्यांचं "पॉइंट थर्टीफाइव्ह" पण तसंच. आणि शेवटी शून्य लावून स्थळं सारखी करायची युक्ती सगळ्यात उशिरा द्या. मार्क मिळतात त्यानं, पण ०.५० आणि ०.३५ केलं की पोर पुन्हा पन्नास आणि पस्तीसच बघतं. त्याआधी डावीकडून एकेक स्थळ बघायची सवय पाहिजे, पूर्णांक सारखे असतील तर दशांश, तेही सारखे असतील तरच शतांश.

हो, क्रिकेटवाली पोरं ४.५ ओव्हरनंतर ५ येतात म्हणून भांडतील. ते टिंब ओव्हर आणि बॉल वेगळे दाखवायला आहे, ओव्हरमध्ये सहाच बॉल, म्हणून त्याला दशांश धरायचं नाही हे स्पष्ट सांगून टाका. घड्याळातल्या १.३० चंही तेच.

कळलंय का बघायचं तर ०.३ आणि ०.४ च्या मधली एखादी संख्या विचारा. "मध्ये काहीच नाही" म्हणणाऱ्याला परत पट्टीपाशी पाठवा, दोन जाड रेघांमधल्या बारीक रेघा दाखवायला. ज्याला ते जमलं त्याला ०.३४ आणि ०.३५ च्या मधली विचारा, पाचवीला पुस्तकात लागत नाही, पण किराणा दुकानातल्या डिजिटल काट्यावर ०.३४५ किलो बघितलेलं एखादं पोर वर्गात असतंच, आणि ते बोललं की बाकीचे ऐकतात.