फुतोशिकीत आधी चिन्हांची माळ शोध
भाऊ, फुतोशिकी म्हणजे आकड्यांचं कोडं: ५×५च्या कोड्यात प्रत्येक आडव्या-उभ्या ओळीत १ ते ५ एकेकदाच येतात आणि घरांमधली लहान-मोठं दाखवणारी चिन्हं पाळायची असतात. सुरुवातीला ५×५चंच कोडं घे आणि छापलेल्या आकड्यांआधी चिन्हांकडे बघ. एकाच दिशेने लागोपाठ आलेली चिन्हं म्हणजे माळ. काल भुसावळ-जळगाव गाडीत सोडवलेल्या कोड्यात पहिली आडवी ओळ अशी होती:

```
_ < _ < _ < _   _
```

पहिल्या घरापुढे त्याहून मोठे तीन आकडे बसायला हवेत, म्हणून तिथे १ किंवा २च. पुढच्या घरांत २-३, ३-४, ४-५. हे पर्याय पेन्सिलीने कोपऱ्यात बारीक लिही. चौथ्या घराच्या उभ्या ओळीत खाली ५ छापलेला होता, म्हणजे इथे ४च. आता माळेवरून मागे ये: ३, २, १. उरलेल्या पाचव्या घरात ५. एका आकड्यावर अख्खी ओळ सुटली!

नवखे दोन ठिकाणी हमखास अडकतात:

- चिन्ह दिसलं की लगतचाच आकडा धरतात. १ < ४ सुद्धा चालतं.
- एक पर्याय खोडून तिथेच थांबतात. प्रत्येक खोडीनंतर माळ दोन्ही टोकांपर्यंत पुन्हा तपास. ती कोपऱ्यावर वळून उभ्या ओळीत गेली असली, तरीही.

जोड्या-त्रिकुटांच्या युक्त्या आत्ता नकोत. अशी दहा-बारा कोडी हाताखालून गेली की त्या सांगतो.