‘आम्ही केलं’ म्हणून हातची नोकरी गेली, तेव्हाचा बोअर

प्रश्न: माझ्याकडे कंपनीतल्या प्रोजेक्टचा १४ स्लाइडचा पोर्टफोलिओ आहे. इंटरव्ह्यूत सिच्युएशन, अॅक्शन, रिझल्ट अशी उत्तरं द्या म्हणतात. स्लाइडवरून तशी उत्तरं कशी काढायची?

स्लाइडवरून काढू नका. स्लाइड बनवताना जे गाळलं, त्यातून काढा. हे मी एक नोकरी घालवून शिकलो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मी क्वालिटीमध्ये होतो. दोन सीएनसी टर्निंग मशीनवर एक हाउसिंग बनायचं, त्याचं आतलं भोक म्हणजे बोअर ३२ एच७, म्हणजे टॉलरन्स फक्त २५ मायक्रॉन. महिन्याला ६००० नग, रिजेक्शन ३.८ टक्के. बोअर लहान राहिला तर पुन्हा कट मारता येतो, ओव्हरसाइज गेला की सरळ भंगार. तीन महिन्यांत रिजेक्शन १.१ टक्क्यावर आलं. त्याचा डेक झाला: कंपनीची ओळख, टीमचा फोटो, पॅरेटो, फिशबोन, व्हाय-व्हाय अशा कारणं शोधायच्या आकृत्या, शेवटी लाल-हिरवा बार चार्ट. तुमचाही डेक बहुतेक याच साच्यातला असेल.

चाकणला इंटरव्ह्यू होता. मी लॅपटॉप उघडून सहाव्या स्लाइडपर्यंत पोहोचलो, तेव्हा समोरचे साहेब म्हणाले, “ते बंद करा. यात तुम्ही काय केलंत?” मी म्हणालो, “आम्ही फिशबोन काढला, आम्ही कारणं व्हॅलिडेट केली.” त्यांनी पुन्हा विचारलं, “आम्ही म्हणजे कोण?” मग बार चार्टवर आले. “याच काळात टूलच्या इन्सर्टचा ग्रेड बदललेला दिसतोय. रिजेक्शन त्याच्यामुळे उतरलं नाही कशावरून?” याचं उत्तर मला पक्कं माहीत होतं, कारण ते काम मीच केलं होतं. पण ते कुठल्याच स्लाइडवर नव्हतं, आणि माझी सगळी तयारी स्लाइडची. मी म्हणालो, “टीमनं व्हेरिफाय केलं होतं.” विषय तिथेच संपला.

घरी आल्यावर डेक बाजूला ठेवला, माझी जुनी वही काढली आणि काय घडलं ते क्रमानं लिहिलं. रजिस्टरमध्ये रिजेक्शनची नोंद शिफ्टनिहाय व्हायची, वेळ कुणी लिहीत नसे. मशीनवरचे ऑपरेटर काका मला एकदा म्हणाले होते, “साहेब, सकाळी मशीन थंड असते, पहिले पाच-सहा नग बघून काढावे लागतात.” त्यावरून मी सहा दिवस प्रत्येक रिजेक्ट नगावर मार्करनं वेळ लिहायला लावली. ५४ नग निघाले. त्यातले ३८ सकाळच्या पहिल्या तासातले किंवा जेवणाच्या सुट्टीनंतर लगेचचे. रात्रपाळी नव्हती, त्यामुळे मशीन रात्रभर थंड व्हायची. थंड मशीनवर साइज जुळवायला ऑफसेट लावला की स्पिंडल गरम होईल तशी साइज सरकत जायची, १५-२० मायक्रॉननं. टॉलरन्सच २५, मग राहतं काय?

उपाय होता १५ मिनिटांचा वॉर्म-अप प्रोग्राम. त्यालाही विरोध झाला, कारण ऑपरेटरचा इन्सेंटिव्ह नगांवर होता आणि १५ मिनिटं म्हणजे दोन नग गेले. मी क्रम बदलायला सांगितलं: आल्याआल्या आधी प्रोग्राम चालू करायचा, आणि तो चालू असताना एअर गेजचं मास्टरिंग आणि तेल-पाणी बघायचं. ही कामं ते तशीही करतच होते. आणि इन्सर्ट त्याच सुमारास बदलणार हे माहीत असल्यामुळे मी वॉर्म-अप पहिले दोन आठवडे एकाच मशीनवर ठेवला. नवा इन्सर्ट दोन्हींवर होता. पहिल्या मशीनवर रिजेक्शन दिवसाला दोनच्या आत आलं, दुसरीवर चारच्या आसपासच राहिलं. त्या साहेबांना हवं असलेलं उत्तर एवढंच होतं.

पुढच्या इंटरव्ह्यूला मी हे असं बोललो: “बोअर रिजेक्शन ३.८ टक्के होतं, महिन्याला साधारण २२८ नग, आणि कारण शोधायची जबाबदारी माझ्याकडे होती. ऑपरेटरनं सकाळच्या नगांबद्दल सांगितलं, म्हणून मी प्रत्येक रिजेक्ट नगावर वेळ लिहायला लावली. ५४ पैकी ३८ थंड मशीनवरचे निघाले. वॉर्म-अप आधी एकाच मशीनवर लावला, कारण इन्सर्टही बदलत होता आणि दोन्हींचा परिणाम मला वेगळा बघायचा होता. तीन महिन्यांनी १.१ टक्के, म्हणजे ६६ नग. उरलेल्यात बहुतेक क्लॅम्पिंगचे आहेत, त्यांचा प्रश्न माझ्याकडून सुटला नाही.” दीड मिनिट. लॅपटॉप उघडलाच नाही.

माप बघा. सिच्युएशनला एक-दोन वाक्यं, त्यात जबाबदारी कुणाची तेही आलं. निम्म्याहून जास्त वेळ अॅक्शनला, आणि प्रत्येक कृतीमागे ‘कारण’ किंवा ‘म्हणून’. रिझल्टमध्ये टक्के, नग आणि कालावधी तिन्ही. नुसतं “७० टक्के रिडक्शन” म्हणालात तर पुढचा प्रश्न “कशाच्या ७० टक्के?” हाच येणार. तुमच्या प्रत्येक स्लाइडखाली लिहा: हे कुणी केलं, तेच का केलं, आणि आकडा दुसऱ्या कशामुळे बदलला नाही हे कशावरून. तिन्हीचं उत्तर देता येत नसेल तर ती स्लाइड इंटरव्ह्यूत काढू नका. फिशबोन तर कधीच सांगू नका. त्यातल्या २० कारणांपैकी १९ कारणं खोटी ठरलेली असतात.

एकाच प्रोजेक्टमधून दुसरी उत्तरंही निघतात. “कुणी विरोध केला तेव्हा काय केलंत?” याला माझं उत्तर म्हणजे तो इन्सेंटिव्हचा भाग. सिच्युएशन वेगळी धरायची, आकडे तेच.

आता ‘मी’बद्दल. आमचे तेव्हाचे साहेब डेकमधला प्रत्येक ‘मी’ खोडायचे. “टीमचं काम आहे, मी-मी करू नकोस, बरं दिसत नाही.” मी ते संस्कार म्हणून मनावर घेतलं. मला आजही वाटतं की त्यांचं चुकलं. नगांवर वेळ लिहायची कल्पना माझी होती, थंड मशीनची खूण काकांची होती, प्रोग्राम मेंटेनन्सच्या मुलानं लिहिला. असं नावानिशी सांगितलं की प्रत्येकाला त्याचं श्रेय मिळतं. ‘आम्ही’ म्हटलं की काकांचंही जातं आणि माझंही. मागे एका लग्नात साहेब भेटले, तेव्हा हे मी त्यांना सांगितलं. ते म्हणाले, “प्रेझेंटेशन कंपनीचं होतं.” ते बरोबर आहे. पण इंटरव्ह्यू माझा होता.

दोन गोष्टी राहिल्या. ग्राहकाचं नाव, ड्रॉइंग नंबर, पार्ट नंबर डेकवर असतील तर आधी काढा. जुन्या कंपनीचे कागद दाखवणारा माणूस नव्या कंपनीला नको असतो. आणि वाचलेल्या रुपयांचा आकडा अकाउंट्सनं मान्य केलेला नसेल तर बोलू नका, नग सांगा. कॉलेजचा प्रोजेक्ट असेल तर रिझल्टमध्ये टक्केवारीच्या मागे लागायची गरज नाही, काय मोजलं आणि किती वेळा मोजलं एवढं पुरतं.