क्रिएटिनिन वाढले म्हणून गोळी थांबवावी का?

“दर तीन आठवड्यांनी रक्त चढवावे लागते, त्यामुळे लोह काढणारी गोळी रोज घ्यावी लागते. पण क्रिएटिनिन वाढले आहे. लोह काढता काढता मूत्रपिंडेच गेली तर? गोळी बंद करू का?”

थॅलेसेमिया मेजर असलेल्या रुग्णांकडून आणि त्यांच्या पालकांकडून मी ही चिंता इतक्या वेळा ऐकली आहे, की एका बावीस वर्षांच्या मुलीचा अनुभव ओळख पुसून येथे सांगणे मला उपयोगाचे वाटते. ती लोह काढणारी डेफेरासिरॉक्स ही गोळी घेत होती. शरीरातला लोहाचा साठा दाखवणारे तिचे फेरिटिन वर्षभरात सुमारे १४०० वरून २३०० वर गेले होते. डॉक्टरांना मात्रा अपुरी वाटत होती आणि ती वाढवण्यापूर्वी तिने माझ्याशी बोलावे, असे त्यांनी सुचवले होते.

“गोळी रोज घेतेस का?” असे विचारले की बहुतेक जण होच म्हणतात, म्हणून मी विचारले, “कोणत्या दिवशी घ्यावीशी वाटत नाही?” ती बराच वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, “मॅडम, रिपोर्ट पाहिल्यापासून मी एक दिवसाआड घेते. घरी कुणाला माहीत नाही.”

गुंता येथेच उलगडला. मूत्रपिंडांच्या भीतीने तिने गोळ्या अर्ध्यावर आणल्या, त्यामुळे फेरिटिन चढले, आणि ते चढलेले पाहून त्याच गोळीची मात्रा वाढणार होती. भीतीची नुसती समजूत काढण्यापेक्षा तिच्याभोवती एक नेमकी रेषा आखून द्यावी, या मताची मी आहे. म्हणून आम्ही तिचे जुने अहवाल टेबलावर ओळीने मांडले.

औषध सुरू करण्यापूर्वी क्रिएटिनिन दोनदा तपासतात, ते याच तुलनेसाठी. तिचे आकडे ०.५४ आणि ०.५६ होते, म्हणजे सरासरी ०.५५. प्रौढ रुग्णात या सरासरीपेक्षा ३३ टक्के वाढ दिसली तर आठवड्याभरात पुन्हा तपासतात आणि ती टिकून असेल तर डॉक्टर मात्रा कमी करतात. तिची रेषा ०.७३ च्या आसपास आली. ताजा आकडा ०.६८ होता. “म्हणजे वाढले आहे, पण रेषेच्या आत आहे,” असे तीच म्हणाली. प्रयोगशाळेने छापलेल्या ‘नॉर्मल’ मर्यादेत असण्याने मात्र निर्धास्त होऊ नये, कारण ०.८ हा आकडा त्या मर्यादेत बसला असता, तरी तिच्यासाठी तो इशाराच ठरला असता.

“मग लघवीवाटे लोह काढणारी दुसरी गोळी नकोच ना? तिने तर मूत्रपिंडांवर जास्त ताण येईल.” हा तर्क मी अनेकदा ऐकते आणि तो फसवा आहे. डेफेरासिरॉक्सचे दोन रेणू लोहाचा एक अणू धरतात आणि तो मुख्यतः पित्तातून शौचावाटे जातो. तरीही क्रिएटिनिन आणि लघवीतील प्रथिने दरमहा तपासावी लागतात ती याच औषधासाठी, आणि सुरुवातीच्या महिन्यात किंवा मात्रा बदलल्यावर क्रिएटिनिन दर आठवड्याला. यकृताच्या तपासण्याही सोबत असतात. डेफेरिप्रोनचे तीन रेणू मिळून एक अणू धरतात, लोह लघवीवाटे जाते, लघवी लालसर होते आणि ते रक्त नसते. हृदयात साठलेले लोह काढण्यात हे औषध विशेष उपयोगी आहे. त्याचा खरा धोका मात्र रक्तात असतो. काही थोड्या रुग्णांमध्ये न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी अचानक जवळपास नाहीशा होतात, म्हणून विशेषतः सुरुवातीच्या महिन्यांत त्या दर आठवड्याला मोजतात, आणि ताप किंवा घसादुखी दिसताच गोळी थांबवून त्याच दिवशी रक्त तपासायचे असते. डेस्फेरिऑक्सामिनचा एकच रेणू एक अणू पूर्ण वेढतो, पण ते रक्तात फार वेळ टिकत नाही; म्हणून पंपाने त्वचेखाली ८ ते १२ तास, आठवड्यातून पाच ते सात रात्री द्यावे लागते. लोहाच्या मानाने मात्रा जास्त झाली तर कान आणि डोळे बिघडू शकतात.

“आणि काहीच घेतले नाही तर?” तिने विचारले. रक्ताच्या एका पिशवीतून सुमारे २०० ते २५० मिलिग्रॅम लोह येते. तिच्या दोन पिशव्यांचा हिशेब तीन आठवड्यांवर पसरला तर रोजचे साधारण २० मिलिग्रॅम होतात, आणि शरीर आपणहून रोज एक-दोन मिलिग्रॅमच बाहेर टाकते. हा हिशेब मी तिच्याकडूनच करून घेतला. माझ्या उपदेशापेक्षा त्या भागाकाराने जास्त काम केले, हे मी थोड्या अभिमानाने सांगते.

एक दिवसाआड गोळीची गोष्ट तिने स्वतः डॉक्टरांना सांगितली. मात्रा वाढवण्याचा बेत रद्द झाला आणि जुनीच मात्रा रोज सुरू झाली. उलट्या-जुलाब झाले की शरीरातले पाणी कमी होऊन हीच गोळी मूत्रपिंडांना जड जाते, म्हणून अशा वेळी ती थांबवून लगेच फोन करायचा, हेही ठरले. पुढे जुलाबांच्या वेळी तिने तसेच केले. तेव्हा क्रिएटिनिन ०.७५ आले, आठवड्याभरात पुन्हा तपासल्यावर ०.६६ झाले, आणि डॉक्टरांनी त्याच मात्रेत गोळी पुन्हा सुरू केली.