खूप दिवसांनी आजी-आजोबांना पत्र लिहायचंय, सुरुवात कशी करू?

*"मी मेलबर्नला असते. आजी-आजोबा मुंबईत, गिरगावात. कित्येक महिने त्यांच्याशी बोलणंच झालं नाही, आता फोन करायचा धीर होत नाही. पत्र लिहावं म्हणते, पण पहिल्या ओळीतच अडकते."*

पहिल्या ओळीत खुशाली लिही. माफी त्यानंतर.

मी गिरगावातच राहतो. आमच्या चाळीतल्या एका आजींना त्यांच्या नातवाचं पत्र मीच वाचून दाखवलं होतं. तेही असंच, फार दिवसांनी आलेलं. पहिलं अख्खं पान नुसतं "मला माफ करा, मी खूप वाईट वागलो". आजींनी मधेच माझा हात धरला, "अरे, त्याला काही झालंय का? आधी ते बघ." पोरगा धडधाकट होता, पण ते कळायला पान उलटावं लागलं. जुन्या पत्रांत मायन्याखाली लगेच "इकडील सर्व क्षेम" असायचं ते उगाच नाही.

म्हणून असं काहीतरी लिही:

"ती. आजी-आजोबांना साष्टांग नमस्कार. मी खुशाल आहे. तब्येत, नोकरी, सगळं ठीक आहे. इतके दिवस तुमची चौकशी केली नाही, हे माझं चुकलंच. रागवा, पण तुमची फार आठवण येते."

माफी एवढी पुरे. कारणांची यादी दिलीस की पत्र तुझ्याबद्दलच होतं आणि त्यांना वाटतं, आता आपणच हिची समजूत काढायची.

पुढे तुझा रोजचा दिवस त्यांच्या डोळ्यांसमोर उभा कर. तुमच्याकडे जूनमध्ये थंडी पडते, तेव्हा इथे पाऊस सुरू झालेला असतो. हे लिहिलंस तर आजोबा चार जणांना सांगतील. "तुम्ही कसे आहात?" एवढंच विचारू नकोस, "बरं आहे" म्हणून विषय संपतो. आजीला विचार, "मेथीच्या भाजीत लसूण आधी घालतेस की मागाहून? माझी कडू होते." आजोबांना विचार, "यंदा गणपतीची आरास कोण करणार?" दोघांना वेगवेगळं विचार, म्हणजे दोघंही उत्तर द्यायला बसतील. "लवकरच येते" मात्र तिकीट काढल्याशिवाय लिहू नकोस. ते खरोखरच दिवस मोजत बसतात.

अक्षर मोठं काढ, बॉलपेनने आणि कागदाच्या एकाच बाजूला लिही. मागची शाई उमटली की म्हाताऱ्या डोळ्यांना ओळी लागत नाहीत, आणि पावसाळ्यात शाईपेनाचं अक्षर पसरतं. पाकिटावर चाळीचं नाव, मजला, खोली नंबर आणि ४००००४ हा पिनकोड हवाच. देशाचं नाव रोमन लिपीत ठळक लिही, तिकडच्या पोस्टाला तेवढंच वाचायचं असतं.

आणि आत तुझा मेलबर्नचा पत्ता लिहिलेलं एक रिकामं पाकीट घाल. त्यावर तिकडची तिकिटं लावू नकोस, ती इथे चालत नाहीत. आजोबा इथल्या पोस्टातून लावून घेतील.