४५ पैशांचा विमा घ्या, पण नॉमिनी भरा

नागपूरहून पुण्याला चार जणांचं रेल्वेचं तिकीट आयआरसीटीसीवर ऑनलाइन काढताना प्रवास विम्याला होकार दिला, तर माणशी ४५ पैसे, म्हणजे एकूण एक रुपया ऐंशी पैसे जास्त लागतात. घ्याच. खरी चूक त्यानंतर होते. विमा कंपनीकडून एसएमएस आणि ईमेलवर नॉमिनी भरायची लिंक येते आणि लोक ती जाहिरात समजून सोडून देतात. नॉमिनी नसेल तर पैसे कायदेशीर वारसांना मिळतात, आणि वारसा सिद्ध करण्यात घरच्यांची दमछाक होते.

मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आल्यास १० लाख, अंशतः कायमचं अपंगत्व आल्यास साडेसात लाखांपर्यंत, इस्पितळाचा खर्च २ लाखांपर्यंत. मात्र कारण रेल्वे अपघात किंवा गाडीतून पडण्यासारखी घटना हवी. गाडीत हार्टअटॅक आला किंवा बॅग चोरीला गेली, तर या विम्यातून काही मिळत नाही. तिकीट वेटिंगवरच राहिलं तरीही नाही.

समजा, नागपूरला चढताना पाय घसरून हाड मोडलं. आधी रेल्वे पोलिसांत नोंद करा, कारण त्या कागदाशिवाय घटना गाडीशी जोडता येत नाही. मग पीएनआर आणि पॉलिसी क्रमांक देऊन थेट विमा कंपनीला कळवा. आयआरसीटीसी दाव्यात पडत नाही. चार महिन्यांची मुदत असते, पण तेवढं थांबूच नका. डिस्चार्ज कार्ड आणि मूळ बिलं जपा. रेल्वेची भरपाई वेगळी. तिचा दावा रेल्वे दावा न्यायाधिकरणात करावा लागतो, त्याचं खंडपीठ नागपुरातच आहे.