भागीदारीतून बाहेर पडताना: राजीनाम्याचं पत्र आणि मागे राहणारी देणी

«वडील 64 वर्षांचे. तिघांच्या हार्डवेअर ट्रेडिंग फर्ममधून 31 मार्चला निवृत्त होतायत. बाकीचे दोघे म्हणतात एक साधं पत्र द्या, बाकीचं आम्ही बघतो. पत्रात नेमकं काय लिहावं? भांडवल कधी मिळेल?»

«बाकीचं आम्ही बघतो» हे वाक्य वाचलं आणि उत्तर लिहायला बसले. आमची फर्म स्टील-सिमेंटची, भागीदार मी, दीर आणि त्यांचे एक स्नेही. मी बाहेर पडले तेव्हा मलाही हेच सांगितलं होतं.

मी वकील नाही. पत्र देण्याआधी तुमच्या सीएंना आणि वकिलांना दाखवा.

आधी करारनामा काढून मुदत बघा. आमच्यात तीन महिन्यांची नोटीस होती. करारात मुदतच नसेल आणि भागीदारी कोणाच्याही इच्छेने संपवता येण्यासारखी असेल, तर सगळ्या भागीदारांना लेखी नोटीस देऊन बाहेर पडता येतं. सगळ्या म्हणजे प्रत्येकाला वेगळी. एका पत्रावर दोघांची नावं घालून दुकानात ठेवून येऊ नका. पत्रात निवृत्तीची तारीख स्पष्ट लिहा, कारण पुढचं सगळं त्या तारखेवरून मोजलं जातं.

भांडवलाबद्दल «हिशोब करून द्यावा» एवढंच लिहू नका, आकडा कसा काढायचा ते लिहा. माझं खातं असं होतं: सुरुवातीची शिल्लक 14,20,000, त्यावर करारातलं 12 टक्के व्याज 1,70,400, नफ्यातला वाटा 2,10,000, वर्षभरातली उचल वजा 3,60,000. हाती 14,40,400. पण हा पुस्तकी आकडा. गोदामातला माल आजच्या भावाने किती होतो, कोणती उधारी बुडीत धरायची, नावलौकिकाची किंमत धरायची का, हे आधी ठरवून घ्या. रकमेचे हप्ते आणि व्याजही लिहा. काही ठरलं नसेल आणि हिशोब न मिटवता धंदा चालू राहिला, तर भागीदारी कायद्याचं कलम 37 तुम्हाला पर्याय देतं: तुमच्या वाट्याच्या पैशावर झालेला नफा, किंवा वर्षाला 6 टक्के व्याज. हिशोब लांबवणाऱ्याला 6 टक्के परवडतात, हे लक्षात ठेवा. (रक्कम भांडवली खात्यापेक्षा जास्त ठरली तर फर्मवर आयकर येऊ शकतो. ते सीएंना विचारा.)

आता माझी चूक. जीएसटी कायद्याच्या कलम 90 मध्ये असं आहे की निवृत्तीच्या तारखेपर्यंतचा कर, व्याज, दंड हे सगळं निवृत्त भागीदारालाही लागू, मग त्याची आकारणी नंतर झालेली का असेना. आणि निवृत्तीची लेखी सूचना आयुक्तांना एक महिन्याच्या आत दिली नाही, तर ती त्यांना पोचेल त्या दिवसापर्यंतची जबाबदारी चालू राहते. सूचना फर्म देऊ शकते किंवा निवृत्त होणारा स्वतः.

मी एप्रिलमध्ये कचेरीत पत्र घेऊन गेले. खिडकीवर सांगितलं, «बदल पोर्टलवर फर्मच करणार, तुमचं पत्र आम्ही घेत नाही.» शिक्का मिळाला नाही. मी भाऊजींना सांगितलं, ते म्हणाले करतो. त्याच दुपारी ते पत्र पोचपावतीसह पोस्टाने पाठवलं असतं तर विषय संपला असता. मी पाठवलं नाही. फर्मने पोर्टलवर बदल नोव्हेंबरमध्ये केला. मधल्या महिन्यांचा थकलेला कर निघाला आणि नोटीस माझ्याही नावावर आली. शेवटी माझ्याकडून 1,10,000 गेले, ज्या महिन्यांत मी दुकानाची पायरीही चढले नव्हते. कायदा स्वतःच सूचना द्या म्हणतो आणि कचेरी ती घेत नाही, याचा मला अजूनही संताप येतो.

मग पुरवठादार. तुम्ही बाहेर पडलात हे जाहीर होईपर्यंत, तुम्हाला भागीदार म्हणून ओळखणाऱ्याने दिलेल्या नव्या उधारीलाही तुम्ही बांधील राहता. नोंदणीकृत फर्मसाठी जाहीर सूचना म्हणजे फर्म निबंधकाकडे नोंद, राजपत्रात प्रसिद्धी आणि जिल्ह्यात खपणाऱ्या किमान एका स्थानिक भाषेतल्या वृत्तपत्रात प्रसिद्धी. तिन्ही हवं. हेही वडिलांना स्वतः करता येतं, म्हणून पत्रात «भागीदारांनी न केल्यास मी करीन व खर्च फर्मच्या खात्यातून घेईन» असं वाक्य घाला.

जुन्या देण्यांसाठी उरलेल्या दोघांकडून हमीपत्र घ्याच. पण ते तुमच्या-त्यांच्यात. त्याने बँक किंवा जीएसटी खातं बांधलं जात नाही. कॅश क्रेडिटला वडिलांची वैयक्तिक हमी असेल तर पुढच्या उचलीसाठी ती मागे घेत असल्याचं बँकेला लेखी कळवा आणि जुन्या बाकीतून मुक्त केल्याचं बँकेचंच पत्र मागा. घर तारण असेल तर हे पत्र हातात येईपर्यंत हिशोब मिटला असं लिहून देऊ नका.

जीएसटीचं पत्र मात्र 1 एप्रिललाच पोस्टात टाका. त्यात फर्मचं नाव, जीएसटी क्रमांक, निवृत्तीची तारीख आणि सोबत राजीनाम्याची प्रत. पोचपावती परत आली की तिची झेरॉक्स घरात ठेवा, दुकानाच्या फाइलमध्ये नको.